पॉवर बँकेवर १२ व्होल्टचा फायबरचा डबा चालवायचा आहे: ट्रिगर केबलमधून नक्की किती व्होल्ट येतात?

पागोळी

चिपळूणजवळ गावी राहून घरून काम करते. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि लाईट गेली की फायबरचा डबा बंद. मोबाईलची रेंज घरात मिळत नाही, त्यामुळे तो पर्याय सांगू नका. :)

डब्याच्या पाठीवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं आहे. माझ्याकडे वीस हजार एमएएचची, २२.५ वॅटची पॉवर बँक आहे. ऑनलाइन एक "ट्रिगर केबल" मागवली. एका टोकाला टाईप-सी, दुसऱ्या टोकाला डब्यात बसणारी गोल पिन, आणि वायरवर "१२ व्ही" असा छोटा स्टिकर.

केबल लावली की डबा चालू होतो, सगळे दिवे हिरवे होतात, मेल वगैरे चालतं. पण व्हिडिओ कॉल सुरू केला की थोड्या वेळात डबा आपोआप बंद होऊन परत सुरू होतो. घरच्या अडॅप्टरवर असं कधी होत नाही.

केबल खराब आहे की बँक कमी पडते? आणि मुख्य म्हणजे डबा जळणार तर नाही ना? तो इंटरनेटवाल्यांचा आहे, माझा नाही.

सुसाट

ताई, बिनधास्त वापरा. कुठलीही वस्तू तिला लागेल तेवढीच वीज ओढते. डब्याला १२ वॅट लागतात, तुमची बँक २२.५ वॅटची आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. केबल हलक्या दर्जाची असणार, जाड वायरची घ्या.

ओहमकार

सुसाट, तुमचं अर्धं बरोबर आहे. वस्तू लागेल तेवढी ओढते हे अँपिअरबद्दल खरं. व्होल्ट ती ओढत नाही, ते समोरून येतात तेवढे तिच्या अंगावर येतात. डब्याला २० व्होल्ट दिले तर तो "मला १२च पुरे" असं म्हणू शकत नाही.

पागोळी, दोन गोष्टी कराल का? बँकेच्या पाठीवरचा बारीक मजकूर इथे जसाच्या तसा लिहा, कुठल्या पोर्टपुढे काय लिहिलंय त्यासकट. आणि कोणाकडून मल्टिमीटर मिळाला तर केबल बँकेला लावून, डब्याला न लावता, पिनेवर किती व्होल्ट येतात ते बघा. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. लाल टोक पिनेच्या भोकात, काळं बाहेरच्या चकचकीत भागावर. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

टाळकरी

माझा पण हाच प्रश्न! आमच्या भजनी मंडळाचा जुना कीबोर्ड आहे, देवळात प्लग लांब पडतो. ही केबल घेतली तर चालेल का? पिन बसते, दुकानात लावून बघितली.

ओहमकार

टाळकरी, चालू करू नका अजून. कीबोर्डच्या मागे किती व्होल्ट लिहिलेत, आणि एक छोटं चित्र असेल, मध्ये टिंब, भोवती अर्धगोल, दोन्ही बाजूंना अधिक-उणे. मधल्या टिंबाला अधिक जोडलंय की उणे ते सांगा.

पागोळी

बँकेवर असं लिहिलंय:

टाईप-सी: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर
यूएसबी-ए: ५ व्होल्ट ४.५ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर, १२ व्होल्ट १.५ अँपिअर
आणि खाली "रेटेड कपॅसिटी १२,००० एमएएच, ५ व्होल्ट".

मीटर शेजारच्या वायरमनदादांचा आणला. केबलच्या पिनेवर ९.०८ आले. स्टिकरवर तर १२ आहे! म्हणजे फसवलं का मला?

ओहमकार

केबलवाल्याने फसवलं असं म्हणता येणार नाही. स्टिकरवरचा आकडा म्हणजे ती केबल काय *मागते* तो. काय *मिळतं* ते बँक ठरवते.

पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरीमध्ये असं होतं. सी पोर्टात केबल लावली की आधी साधे ५ व्होल्टच येतात. मग बँक आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी पाठवते: एक नंबर ५ व्होल्ट, दोन नंबर ९, असं. केबलच्या डोक्यात एक छोटी चिप बसवलेली असते. ती यादी वाचून "मला अमुक नंबरचं दे" एवढंच सांगते. यादीत नसलेलं काही ती मागू शकत नाही. तुमच्या बँकेच्या सी पोर्टच्या यादीत १२ नाहीच. मग चिपने त्याच्या खालचं, म्हणजे ९, उचललं. हे बऱ्यापैकी शहाणं वागणं झालं. काही चिपा १२ नसले तर थेट ५ वर बसतात.

तुमच्या बँकेवर १२ लिहिलंय ते ए पोर्टापुढे. तो मामला पीडीचा नाही, क्विक चार्जचा. तिथे या सी केबलचा काही उपयोग नाही.

बहुतेक लोक इथेच फसतात. बँकेच्या खोक्यावर कुठेतरी "१२ व्होल्ट" दिसतं आणि वाटतं झालं काम. पीडीची २०१२ची पहिली आवृत्ती ५, १२ आणि २० व्होल्टवर उभी होती. नंतर नियम बदलून ५, ९, १५, २० अशी शिडी आली, आणि १२ ही कंपनीच्या मर्जीची गोष्ट झाली. कोणी देतं, कोणी देत नाही. ॲपलचा २० वॅटचा चार्जर घ्या, त्यावर फक्त ५ आणि ९ आहे. त्यांच्याच ३० वॅटवाल्यावर १५ आणि २० आहे, पण १२ नाही.

सुसाट

ओके, व्होल्टचं पटलं. पण मग ९ वर डबा चालू तरी कसा होतो? १२चा आहे ना तो?

ओहमकार

कारण डब्याच्या आतल्या चिपांना १२ कधीच लागत नाहीत. त्यांना ३.३ किंवा त्याहून कमी लागतात. आत एक कन्व्हर्टर १२ चे खाली उतरवतो, आणि तो ९ वरूनही उतरवू शकतो, फक्त अँपिअर जास्त ओढतो.

कॉलवर बंद का पडतो याबद्दल माझा अंदाज असा: फायबरच्या बऱ्याच डब्यांमध्ये येणाऱ्या व्होल्टवर लक्ष ठेवणारं एक सर्किट असतं. व्होल्ट एका रेषेखाली गेले की डबा समजतो लाईट गेली, आणि मरता मरता कंपनीच्या मशीनला "माझी वीज गेली" असा एक निरोप पाठवतो. कंपनीला त्यावरून कळतं की फायबर तुटलेली नाही, गिऱ्हाइकाची लाईट गेली आहे. ही रेषा कुठे आखली आहे ते प्रत्येक डब्यागणिक वेगळं. तुमचा डबा त्या रेषेच्या जवळ लटकत असावा. वायफाय जोरात चालू झालं की तो जास्त अँपिअर ओढतो, वायरीत थोडे व्होल्ट पडतात, आणि तो रेषेखाली जातो. खात्री करायची तर चालू डब्यावर व्होल्ट मोजायला हवेत.

एक मात्र नक्की. ९ मुळे तुमचा डबा जळणार नाही. कमी व्होल्टने अशी वस्तू अडखळते. जाळतात ते जास्त व्होल्ट.

तिसरा डोळा

चालू डब्यावर मोजायला सोपा उपाय. सीसीटीव्हीचं सामान मिळतं त्या दुकानात हिरव्या स्क्रूचे डीसी जॅक मिळतात, मेल आणि फीमेल. एक एक घ्या, मध्ये वितभर वायरचे दोन तुकडे. केबल फीमेलमध्ये, मेल डब्यात, आणि मीटरची टोकं स्क्रूच्या डोक्यांवर. प्लस-मायनस छापलेलं असतं त्यावर, उलटं करू नका. आमच्या धंद्यात रोज लागतं हे.

आता जास्त व्होल्टचं सांगतो. एका गिऱ्हाइकाने असाच डबा आणून दिला, "काल लाईट गेली तेव्हापासून चालू होत नाही" म्हणून. उघडला. पिनेच्या सॉकेटलगतचा कपॅसिटर वरून फुगलेला, अंगावर लिहिलेलं १६ व्होल्ट. शेजारच्या कन्व्हर्टरच्या आयसीला टाचणीच्या टोकाएवढं भोक, भोवती काळं. लगेच विचारलं, कशावर लावला होता? पॉवर बँकेवर. केबल बघितली तर लॅपटॉपची ट्रिगर केबल, २० व्होल्टची. घरात दोन केबल होत्या, दोन्ही काळ्या, दोन्हीची पिन तीच ५.५ मिलिमीटरची, अंधारात हाताला येईल ती लावली. वॉरंटीत कोणी बदलून दिला नाही, देणार पण नाही. भोक पडलेलं सगळ्यांना दिसतं.

म्हणून पिन बसली म्हणजे चालते असं समजू नका. टाळकरी, तुम्हाला पण सांगतो.

टाळकरी

चित्र बघितलं. ९ व्होल्ट लिहिलंय, आणि मधल्या टिंबाला उणे आहे, बाहेर अधिक. चष्मा लावून दोनदा बघितलं. हे काही विचित्र आहे का?

ओहमकार

विचित्र नाही. जुन्या कॅसिओ कीबोर्डांमध्ये आणि गिटारच्या पेडल्समध्ये हेच सापडतं. पण बाजारातल्या जवळजवळ सगळ्या ट्रिगर केबल्स आत अधिक, बाहेर उणे अशा असतात. म्हणजे तुमच्या बाबतीत १२ची केबल दोन्हीकडून चुकीची: व्होल्ट जास्त आणि दिशा उलटी. ९ व्होल्टची ट्रिगर केबल आणि दिशा उलटवणारी छोटी जोडवायर, असं लागेल. जोडवायर गिटारच्या दुकानात मिळते. लावायच्या आधी मीटर: लाल टोक भोकात, काळं बाहेर, आणि आकड्यापुढे *उणे* चिन्ह यायला हवं. तुमच्या कीबोर्डसाठी ते बरोबर.

टाळकरी

बरं झालं विचारलं. मी तर एकादशीला लावणारच होतो.

स्वस्त आणि मस्त

एवढं कशाला डोकं खाजवताय? बूस्ट केबल घ्या. साध्या यूएसबी-ए मध्ये लागते, ५ व्होल्ट घेते आणि स्वतः १२ करते. यादी नको, चिप नको, बँक कुठलीही चालते. माझ्याकडे वर्षभर चालू आहे. ट्रिगर केबलच्या भानगडीत पडूच नये कोणी.

ओहमकार

पर्याय चांगला आहे. बूस्ट केबल बँकेकडे काही मागत नाही, त्यामुळे २० व्होल्टचा धोका तिथे नाही. पण "कुठलीही बँक चालते" हे सरसकट नाही. समजा डबा खरोखर ७ वॅट खातो. बूस्ट करताना साधारण १५ टक्के उष्णतेत जातात असं धरा, म्हणजे ५ व्होल्टच्या बाजूने सव्वाआठ वॅट, जवळजवळ पावणेदोन अँपिअर. हे चांगली बँक देते. डब्याने खरोखर पूर्ण १ अँपिअर मागितला तर मात्र बँकेकडून पावणेतीन-तीन अँपिअर ओढावे लागतात, आणि तिथे बऱ्याच बूस्ट केबल्स गळतात. तिचं यूएसबीचं डोकं जाडजूड असतं, सगळं त्यातच बसवलंय, हात लावून बघा किती तापतं ते.

काही बूस्ट केबल्सवर ९ आणि १२ निवडायचं बटण असतं, ते बघून घ्यायचं.

पागोळी

हिरव्या स्क्रूचे जॅक मिळाले, वायरमनदादांनीच लावून दिले.

सी केबलवर, डबा चालू, नुसतं मेल: ८.७. कॉल लावला, दोघांचे कॅमेरे चालू: ८.४ ते ८.५ च्या मध्ये नाचत होतं, आणि बंद पडायच्या क्षणी मीटरवर ८.३ दिसलं. मग परत ९. तीन वेळा तसंच झालं.

ओहमकार

छान मोजलंत. रेषा त्याच सुमाराला असावी असं दिसतंय. वायर जाड केली तर कदाचित थोडे व्होल्ट वाचतील आणि डबा तग धरेल, पण ते काठावरचं काम. तुमच्याच बँकेच्या ए पोर्टावर १२ आहेत, तर क्विक चार्जची ट्रिगर केबल घ्या, ए ते गोल पिन, १२ व्होल्टची. ती वेगळ्या पद्धतीने मागते: यूएसबीच्या दोन डेटा वायरींवर ठराविक व्होल्ट ठेवते, ०.६ आणि ०.६ ठेवले की बँक १२ वर जाते.

आल्यावर तोच क्रम: आधी बँकेत, मग मीटर, आकडा बघून मग डबा. आणि जुन्या सी केबलला चिकटपट्टीचा झेंडा लावून त्यावर मोठ्या अक्षरात "मोठ्या बँकेला लावू नये" असं लिहा.

सुसाट

मोठ्या बँकेला का नाही? केबल १२ची आहे, मोठ्या बँकेच्या यादीत १२ असतील तर चांगलंच की.

ओहमकार

असतील तर चांगलंच. पण धोका नक्की कुठून येतो ते बघा. पागोळींच्या बँकेच्या सी पोर्टच्या यादीत सर्वांत मोठा आकडा ९ आहे. त्या पोर्टाला जगातली कुठलीही ट्रिगर केबल लावा, बिघडलेली लावा, लॅपटॉपची लावा, ९ च्या वर काही येऊच शकत नाही. तीच केबल ६५ वॅटच्या बँकेला लावली की यादीत १५ आणि २० येतात, आणि मग केबलच्या आतली चिप चुकली तर डबा जातो. म्हणजे एका बँकेवर निरुपद्रवी ठरलेली केबल दुसरीवर जाळू शकते. एकदा मोजलं म्हणून कायमचं झालं असं नाही, बँक बदलली की परत मोजायचं.

चिप चुकते कशी, तर उदाहरण देतो. सीएच २२४ के नावाची चिप या केबल्समध्ये आणि छोट्या बोर्डांवर खूप दिसते. तिला किती व्होल्ट मागायचे हे एका पायाला जोडलेल्या रेझिस्टरवरून कळतं. २४ किलोओहम असेल तर १२ मागते, ५६ असेल तर १५. आणि त्या पायाला काहीच जोडलेलं नसेल तर २० मागते. डेटाशीटमध्येच तसं दिलंय. आता विचार करा: तो रेझिस्टर तांदळाच्या कणीपेक्षा लहान, केबलच्या डोक्यात, जिथे वायर रोज वाकते. त्याचा डाग सुटला तर चिपला वाटतं "काही जोडलेलं नाही", आणि ती २० मागते. बिघाड सुरक्षित बाजूला पडत नाही, नेमका वाईट बाजूला पडतो. सगळ्या चिपा अशा नसतात, पण केबल बाहेरून बघून आत कुठली बसलीय ते कळत नाही.

तिसरा डोळा

बटणवाले बोर्ड तर त्याहून वाईट. बटण दाबलं की ५, ९, १२, १५, २० असं फिरतं, आणि रंगीत दिवा लागतो. चुकून बटण दाबलं गेलं की बसला १५ वर. खिशातल्या सामानात फिरतं ते. मी असलं काही गिऱ्हाइकाला देत नाही, टेस्टिंगला ठेवतो फक्त.

सुसाट

मग एक झेनर डायोड टाकायचा ना पिनेला, १३ व्होल्टचा. जास्त आले की तो खाऊन टाकेल.

ओहमकार

६५ वॅटची बँक समोर ढकलत असताना तो किती वेळ खाणार? काही सेकंदांत तोच जळेल. जळताना शॉर्ट झाला तर बँक बंद पडून डबा वाचेल, उघडा पडला तर डबा जाईल. त्याच्या आधी फ्यूज हवाच, म्हणजे डायोड ओढतो, फ्यूज उडतो. तेव्हा ते काम करतं.

मी मोठ्या बँकेसाठी वेगळं करतो. ट्रिगर १२चा घेतच नाही. १५चा घेतो, आणि त्याच्यापुढे १२ व्होल्टचा स्टेप-डाऊन बोर्ड, एलएम २५९६ चा, पण १२ वर कायमचा बांधलेला प्रकार. छोटा पितळी स्क्रू फिरवून व्होल्ट बदलायचा प्रकार नको, तो स्क्रू हलतो. १५ का, तर २७ वॅटच्या वरच्या पीडी बँकेला नियमाप्रमाणे १५ द्यावेच लागतात, १२ सारखी मर्जी नाही. ट्रिगर चुकून २० वर गेला तरी हा बोर्ड ४० व्होल्टपर्यंत झेलतो आणि पुढे १२च देतो. १५ मिळाले नाहीत, ९ मिळाले, तर पुढे साडेसात-आठ येतात, डबा चालत नाही, पण जळतही नाही. चुकलं तर कमी बाजूला चुकतं. उणी बाजू एवढीच की एक डबी वाढते, आणि बोर्डच शॉर्ट झाला तर कोणी वाली नाही. पागोळींना याची गरज नाही.

गोदाकाठ

नाशिकहून. मी पागोळींसारखंच क्विक चार्जच्या केबलवर चालवते, आठ महिने झाले असतील. एक लक्षात ठेवा. डबा चालू असताना त्याच बँकेला दुसऱ्या पोर्टात फोन चार्जिंगला लावू नका. माझ्या बँकेत दुसरी वायर लागली की सगळे पोर्ट ५ व्होल्टवर येतात आणि डबा गेला. पहिल्यांदा मला वाटलं डबाच बिघडला. आतमध्ये एकच कन्व्हर्टर दोन पोर्टांना वाटून दिलेला असतो म्हणे.

ओहमकार

बरोबर ऐकलंत. दोन पोर्टांना वेगवेगळे व्होल्ट एकाच कन्व्हर्टरमधून देता येत नाहीत, म्हणून तो सगळ्यांना चालेल अशा ५ वर उतरतो. याने डब्याला इजा नाही, फक्त बंद पडतो.

पागोळी

ए पोर्टाची केबल आली. आकडे देते.

डब्याशिवाय: १२.१. डबा चालू: ११.८. व्हिडिओ कॉल, दोन तास: ११.७ ते ११.८, एकदाही बंद पडला नाही! वायरमनदादांनी मध्ये मीटर अँपिअरला लावून बघितला, कॉल चालू असताना ०.५५ च्या आसपास.

फोनचा प्रयोग पण केला, गोदाकाठ म्हणतात तसंच झालं, फोन लावल्या क्षणी डबा बंद.

मग किती तास चालेल हे कसं काढायचं? वीस हजार भागिले साडेपाचशे केलं तर छत्तीस तास येतात, इतकं खरं वाटत नाही.

ओहमकार

नाहीच. वीस हजार हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. तुमच्या बँकेवर दुसरा आकडा आहे, १२,००० एमएएच, ५ व्होल्टवर. तो खरा धरा. १२ अँपिअर-तास गुणिले ५, म्हणजे ६० वॅट-तास. डबा ११.८ गुणिले ०.५५, म्हणजे साडेसहा वॅट. भागाकार नऊ तास येतो. १२ वर चढवण्यात थोडं आणखी जाईल, आठ धरून चाला. रात्रभर डबा चालू नसेल तर दिवसाच्या कामाला पुरेसं.

स्वस्त आणि मस्त

आता खरी गंमत लाईट परत आल्यावर. बँक चार्जिंगला लावून डबा चालू ठेवायचा असेल तर? माझ्या बूस्ट केबलला काही फरक पडत नाही, चार्जर लावला काढला तरी डबा चालू.

गोदाकाठ

माझ्याकडे चार्जर लावला की डबा एकदा बंद होऊन सुरू होतो. चार्जर काढला की परत. कॉलच्या मध्ये असेल तर डोक्याला ताप. शेवटी मी लाईट आली की आधी डबा अडॅप्टरवर नेते, मग बँक चार्जिंगला.

तिसरा डोळा

रोजचाच त्रास असेल तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या. अडॅप्टर त्यात, त्याच्यातून डबा, मध्ये काही बोलाचाली नाही. हजार-दीड हजारात मिळतो. आतली बॅटरी लहान असते, त्यामुळे आठ तास विसरा, दोन-तीन तास.

पागोळी

आमच्याकडे लाईट गेली की दोन-तीन तासांत येईलच असं नाही, म्हणून बँकच बरी.

चार्जर लावून बघितला. पहिल्यांदा डबा बंद झाला. दुसऱ्यांदा झाला नाही, चालूच राहिला. तिसऱ्यांदा परत बंद. काय समजायचं?

ओहमकार

चार्जर लागला की बँक काही क्षण आपलं आउटपुट बंद करते किंवा ५ वर आणते, आणि मग पुन्हा १२ वर चढते. डब्यातल्या कपॅसिटरमध्ये तेवढा वेळ काढण्याइतकी शिल्लक असेल तर तो तगतो, त्याच क्षणी वायफाय जोरात असेल तर संपतो. एक शक्यता ही. दुसरी अशी की चार्जर कुठला आहे त्यावर बँक वेगळी वागते. डब्यावर काही चालू नसताना आणि कॉल चालू असताना, एकाच चार्जरने, दोन्ही वेळा मीटरकडे बघत करून सांगा. आणि स्वस्त, तुमची बँक कुठल्या प्रकारची आहे, चार्जिंगला वेगळा पोर्ट आहे का?

स्वस्त आणि मस्त

आहे, जुन्या पद्धतीचा मायक्रो. सी पोर्ट फक्त बाहेर द्यायला.

ओहमकार

मग तुमच्या बूस्ट केबलचं कौतुक अर्धं त्या बँकेला द्या. ५ व्होल्टवर राहिली तरी तुम्हाला काही मागायचंच नसतं. पागोळी, मोजून कळवा.

टाळकरी

जोडवायर मिळाली. मीटरवर उणे ९.१ आलं. लावू ना आता?

ओहमकार

लावा.